घटनास्थळी तुम्ही पहिले पोहोचलात तर : काहीही हलवण्याआधीची कामे

हा लेख ठाण्यात नव्याने रुजू झालेल्या शिपायांसाठी, प्रशिक्षण संपवून आलेल्या उपनिरीक्षकांसाठी आणि गावोगावच्या पोलीस पाटलांसाठी आहे. खेड्यात बहुतेक वेळा पोलीस पाटीलच सगळ्यांच्या आधी पोहोचतात, त्यामुळे त्यांना मी मुद्दाम यात धरले आहे. तपासाच्या कामात बरीच वर्षे गेल्यावर एक गोष्ट मला ठामपणे सांगाविशी वाटते. पंचनामा उत्तम लिहिता येतो, प्रयोगशाळा उत्तम काम करते, सरकारी वकीलही तयारीचे असतात, पण पहिल्या अर्ध्या तासात जे पुसले गेले ते यांतल्या कोणालाही परत आणता येत नाही.

समजायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक पण रोजच्यासारखे उदाहरण धरू. तालुक्याच्या गावाबाहेर दोन खोल्यांचे घर आहे. सकाळी पावणेसातला ११२ वर फोन येतो, 'शेजारचा माणूस रक्तात पडलाय.' बीटवरचे दोन अंमलदार मोटारसायकलवर निघतात. बाहेरच्या खोलीतून आत गेले की स्वयंपाकाची खोली, तिथे एक माणूस पालथा पडलेला. जवळ सुरी, कलंडलेले स्टूल, ओट्यावर चहाचे दोन कप. मागचे दार अर्धे उघडे आणि दाराच्या दिशेने रक्ताचे थेंब. अंगणात पंधरावीस माणसे जमलेली. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच घरात करून पाहू.

सोबत काय असावे

फार काही लागत नाही, पण लागते ते मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीत आधीपासून हवे. बंदोबस्ताची फीत किंवा साधी सुती दोरी, हातमोज्यांचे चारपाच जोड, बुटांवर चढवायची आवरणे, मास्क, जोरदार प्रकाशाची टॉर्च, पाच मीटरचा आणि शक्य असेल तर तीस मीटरचा टेप, सेंटीमीटरची पांढरी पट्टी, आकडे लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डे, आलेखाची वही, पेन्सिल आणि न पुसले जाणारे पेन, कागदी पाकिटे, जाड प्लॅस्टिकचा कागद. खडू जरूर ठेवा, पण मृतदेहाभोवती रेघ ओढण्यासाठी नाही. त्या रेघेने तपासाला काहीच मिळत नाही. उलट जमिनीवरचे सूक्ष्म पुरावे बिघडतात आणि फोटोतही ती रेघच उठून दिसते.

१. आधी जीव, मग पुरावा

पोहोचल्याची वेळ घड्याळात पाहा आणि लगेच लिहा. मोबाइलवर ठाणे अंमलदारांना कळवले, म्हणजे स्टेशन डायरीत तीच वेळ बसते. पुढे न्यायालयात सगळ्यात जास्त ओढाताण वेळांवरूनच होते.

माणूस जिवंत असण्याची थोडी जरी शक्यता असली तरी पुराव्याचा विचार बाजूला ठेवून १०८ ला फोन करा आणि श्वास, नाडी पाहा. माणूस मेला हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, तुमचा किंवा शेजाऱ्यांचा नाही. मात्र जीव वाचवतानाही पुरावा राखता येतो. आत जाताना आणि बाहेर येताना एकाच वाटेने चाला. रुग्णवाहिकेच्या लोकांनाही त्याच वाटेने न्या. त्यांना कपडे कापावे लागले तर भोसकल्याच्या किंवा गोळीच्या छिद्रातून कात्री न चालवता बाजूने कापायला सांगा, आणि ते कपडे दवाखान्यात टाकून दिले जाणार नाहीत याची एका अंमलदारावर जबाबदारी द्या. त्यांनी टाकलेले हातमोजे, सुईचे वेष्टन घटनास्थळी राहिले तर तशी नोंद करा, नाहीतर दोन तासांनी कोणीतरी ते पुरावा म्हणून उचलेल.

गळफासाच्या प्रकरणात माणूस खाली उतरवावाच लागला तर गाठ सोडू नका. गाठीपासून लांब दोर कापा आणि कापलेली दोन्ही टोके ओळखता येतील अशी खूण बांधा. गाठ कशी मारली आहे, उजव्या हाताने की डाव्या, एकेरी की सरकती, यावरून आत्महत्या की आणखी काही, हा प्रश्न कधी कधी सुटतो.

जखमी काही बोलला तर त्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, वेळेसह लिहा. 'अमुक याने मारले असे सांगितले' असे सारांशात लिहू नका. तो माणूस पुढे दगावला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ खाली ते मृत्यूपूर्व जबाब म्हणून वाचले जाऊ शकते. तिथे एकेक शब्दाला किंमत असते.

आपल्या उदाहरणात डॉक्टरांनी माणूस मयत घोषित केला. आता कोणीही, अगदी कोणीही, आत जायचे कारण उरले नाही.

२. पोहोचला तेव्हा काय कसे होते, ते लिहून काढा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा सुटते. आत पाय टाकल्यापासून बाहेर येईपर्यंत तुम्ही जे पाहिले ते खिशातल्या वहीत पाच मिनिटांत उतरवा. दार उघडे होते की लोटलेले, कडी आतून होती का, दिवा लागला होता का, पंखा चालू होता का, टीव्हीचा आवाज, दारूचा किंवा रॉकेलचा वास, ओट्यावरचा चहा कोमट की थंडगार. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण दाबू नका. बंद बटण चालू करू नका आणि चालू बटणही बंद करू नका. दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि तुम्ही काय उघडले ते लिहा.

पंखा आणि दिवा मी मुद्दाम सांगतो आहे. रात्रीचा खून म्हणून तपास चालू असतो आणि दिवा बंद असतो. मग साक्षीदाराने चेहरा पाहिला कसा, असा प्रश्न उभा राहतो. शेवटी कळते की शेजारच्या काकांनी वीज वाया जाऊ नये म्हणून सकाळी दिवा मालवला होता. म्हणून बाहेर आल्यावर आधी पोहोचलेल्या प्रत्येकाला शांतपणे विचारा, आत कोण कोण गेले, कशाला हात लावला, काय उचलले, काय झाकले. आपल्याकडे मयतावर चादर टाकणे हा माणुसकीचा भाग आहे, त्यावरून कोणाला रागावू नका. रागावलात तर पुढचा माणूस खरे सांगणार नाही. फक्त चादर कोणाची, कुठून आणली, टाकण्याआधी मयत कसा पडला होता, हे त्याच माणसाकडून लिहून घ्या.

उदाहरणातल्या घरात शेजाऱ्याने पंखा बंद केला, मयताच्या भावाने त्याला खांद्याला धरून थोडे हलवून पाहिले आणि त्याच घरातल्या खाटेवरची चादर अंगावर टाकली. या तीन गोष्टी नोंदल्या गेल्या की पुढे बटणावरचा ठसा, खांद्यावरचा रक्ताचा डाग आणि चादरीचे धागे कोणाला चकवणार नाहीत.

बिघडलेली वस्तू 'पूर्ववत' ठेवण्याचा मोह टाळा. चादर काढून घडी करणे, स्टूल पुन्हा होते तसे आडवे करणे, बटण परत चालू करणे, यातले काहीही नको. बदललेली स्थिती जशी आहे तशी राहू द्या आणि बदल कसा झाला ते लिहा. पुन्हा मांडलेले घटनास्थळ उलटतपासणीत एका प्रश्नात कोसळते.

३. सीमा आखा, आणि वाटते त्यापेक्षा मोठी आखा

फीत खोलीच्या दाराला बांधून काम झाले असे समजू नका. मोठी केलेली सीमा नंतर लहान करता येते, पण लहान ठेवलेली सीमा मोठी करेपर्यंत बाहेरची जमीन तुडवून झालेली असते. मारेकरी कुठून आला, कुठून गेला, जाताना काय फेकले, हात कुठे धुतले, या चार प्रश्नांची जागा सीमेच्या आत यायला हवी.

आपल्या घरात रक्ताचे थेंब मागच्या दाराकडे जातात. म्हणजे परसू, तिथला नळ, मोरी, कुंपणातली फट आणि पलीकडच्या पाणंदीपर्यंतचा भाग सीमेत घ्या. आत जाण्यायेण्याची वाट मात्र पुढच्या दाराने ठेवा, कारण त्या बाजूने मारेकरी गेल्याची चिन्हे दिसत नाहीत. या वाटेवर आधी टॉर्च मारून पाहा, मग दोन्ही बाजूंना दोरी बांधा. इथून पुढे पोलीस, तज्ज्ञ, पंच, साहेब, सगळे याच एका वाटेने.

जमले तर दोन कडी करा. आतल्या कड्यात फक्त काम करणारे. बाहेरच्या कड्यात वाहने, अधिकारी, पंच. नातेवाईक, पत्रकार, पुढारी या दोन्हींच्या बाहेर. श्वानपथक येणार असेल तर परसातून पाणंदीकडे जाणारी बाजू अगदी कोरी राखा. शंभर पावलांचा वास मिसळला की कुत्रा गोंधळतो.

सकाळची वेळ असेल तर एक धोका आपल्याकडे हमखास असतो. घरची किंवा शेजारची बाई अंगण झाडायला, सडा टाकायला येते. मयत झाल्यावर तर 'जागा स्वच्छ करा' म्हणून वडीलधारी मंडळी स्वतःच पाण्याची बादली आणतात. ज्येष्ठ माणसाला बाजूला घेऊन सांगा की आजोबा, आणखी दोन तास कशालाही पाणी लावू देऊ नका, तुमच्याच माणसाच्या न्यायासाठी आहे. असे सांगितले तर लोक ऐकतात, नुसत्या दटावणीने ऐकत नाहीत.

आभाळ भरून आले असेल तर उघड्यावरच्या पाऊलखुणांवर घमेले किंवा पत्र्याचा टब पालथा घाला. प्लॅस्टिकचा कागद थेट डागावर टाकू नका, तो चिकटतो आणि डाग घेऊनच सुटतो. विटा ठेवून कागद वर उचलून धरा. झाकण्याआधी एक फोटो काढायला वेळ मिळाला तर सोन्याहून पिवळे.

तुमच्या स्वतःसाठी नियम कडक आहेत. आत तंबाखू, गुटखा, सिगारेट नको. थुंकणे नको. घरातले पाणी पिणे नको, मोरी वापरणे नको, कारण रक्ताळलेले हात तिथेच धुतलेले असू शकतात. घरातल्या खुर्चीवर बसून पंचनामा लिहायला घेणेही नको.

आणि सगळ्या जागा पाहा. २००८ मध्ये नोएडाच्या आरुषी प्रकरणात मुलीचा मृतदेह १६ मे रोजी सकाळी घरात सापडला आणि घरगड्यावर संशय घेतला गेला. गच्चीचे दार कुलूपबंद होते, ते त्या दिवशी उघडले गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गच्चीवर त्या घरगड्याचाच मृतदेह सापडला. तपासाची दिशा त्या एका दारापाशी चोवीस तास अडून राहिली. गच्ची, माळा, गोठा, संडास, विहीर, पाण्याची टाकी, यांची यादी करा आणि एकेक जागा पाहून झाली की वेळ टाका. आत लपलेला किंवा जखमी माणूस असू शकतो, म्हणून ही पाहणी सुरुवातीलाच, दोघांनी मिळून आणि कशालाही हात न लावता करायची.

४. ये-जा नोंदवही

सीमेच्या तोंडाशी एक अंमलदार वही घेऊन उभा करा. नाव, हुद्दा, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, कशासाठी. वरिष्ठ आले तरी नोंद करायची. नव्या शिपायाला साहेबांना नाव विचारायला संकोच वाटतो, म्हणून एक सोपा उपाय सांगतो. वही त्यांच्यापुढे करा आणि 'साहेब, नोंद आणि सही' एवढेच म्हणा. जाणकार अधिकारी सही करतात आणि कितीदा तरी नोंद पाहून आत न जाताच माघारी फिरतात. आत अनोळखी बुटाचा ठसा सापडला तर तो कोणाचा नाही हे सांगायला हीच वही उपयोगी पडते.

५. फोटो : लांबून जवळ, आणि कशालाही हात लागण्याआधी

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करावा आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे, असे कलम १७६ चे उपकलम ३ सांगते. राज्यांना ते टप्प्याटप्प्याने लागू करण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण कलम १०५ खाली करायचे असते. म्हणजे खुनाच्या प्रकरणात व्हॅन येत असेल तर वस्तू उचलण्याची घाई तुम्ही करूच नका. पण पाऊस, गर्दी किंवा अंधार यामुळे थांबता येत नसेल, किंवा व्हॅनला तीन तास लागणार असतील, तर फोटो तुम्हाला काढता आले पाहिजेत.

सुरुवातीला कॅमेऱ्याची तारीख-वेळ तपासा. पहिला फोटो एका कागदाचा काढा. त्यावर ठाण्याचे नाव, तारीख, वेळ, ठिकाण आणि फोटो काढणाऱ्याचे नाव असावे. मोबाइल वापरावा लागला तर सरकारी वापरा. पोर्ट्रेट, ब्युटी असले प्रकार बंद ठेवा आणि अर्ध्या पटीची रुंद लेन्स घेऊ नका, कारण तिच्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि अंतरे फसवतात. एक पटीवर ठेवा आणि जवळचा फोटो हवा असेल तर पायाने जवळ जा.

फोटो तीन अंतरांचे लागतात. पहिले दूरचे. पाणंद, रस्ता, घराची चारही अंगे, पुढचे दार, मागचे दार, मग प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून. एका फोटोची कड दुसऱ्यात थोडी यायला हवी. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा, म्हणजे न्यायाधीशांना खोलीत उभे राहून पाहिल्यासारखे दिसते.

दुसरे मधल्या अंतराचे. यात पुराव्याची वस्तू आणि जागची न हलणारी एखादी गोष्ट एकत्र दिसली पाहिजे. सुरी आणि ओट्याचा कोपरा, थेंब आणि मागच्या दाराची चौकट. हे फोटो नवखे लोक विसरतात. मग सुरीचा सुंदर जवळचा फोटो असतो, पण ती सुरी त्या खोलीत कुठे होती हे त्यातून कळत नाही.

तिसरे जवळचे. कॅमेरा वस्तूच्या अगदी समोर, काटकोनात धरा. तिरका धरला तर लांबी चुकीची दिसते. प्रत्येक जवळचा फोटो दोनदा काढा, आधी पट्टी न ठेवता, मग पट्टी आणि आकड्याचे कार्ड ठेवून. पट्टीशिवायचा फोटो नसेल तर 'पट्टीखाली काय होते' हा प्रश्न येतो. पट्टी वस्तूच्या पातळीत ठेवा, वर अधांतरी नको.

परसातल्या नळाजवळ चिखलात पायाचा ठसा आहे असे समजू. त्याचा फोटो वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. कॅमेरा तिपाईवर, बरोबर वर, लेन्स जमिनीला समांतर. पट्टी ठशाच्या तळाच्या पातळीत, बाजूला माती किंचित खरवडून ठेवा. फ्लॅश बंद. टॉर्च साधारण एक-दीड मीटर लांब, जमिनीलगत धरून बाजूने प्रकाश टाका, म्हणजे तळव्याच्या नक्षीच्या सावल्या उठतात. दिवसा ऊन आड करायला कोणाला तरी सावली धरायला सांगा. टॉर्चची बाजू बदलून तीन-चार फोटो घ्या. एका बाजूच्या प्रकाशात न दिसलेली चीर दुसऱ्या बाजूने दिसते, आणि झिजलेल्या चपलेवरची तीच चीर पुढे चप्पल ओळखते.

बिघडलेला, हललेला फोटोही पुसू नका. फोटोंचे क्रमांक सलग असतात. मधला एक गायब असेल तर बचाव पक्षाचे वकील तोच मागतात. मूळ फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून 'तिथूनच प्रिंट काढा' असे कधीही करू नका. पाठवताना फोटो लहान होतो आणि त्याच्या पोटातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. मूळ कार्ड किंवा फोन तसाच ठेवा, प्रत काढा आणि मूळ फाइलींचे हॅश मूल्य काढून घ्या. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायच्या प्रमाणपत्रात ते लिहावे लागते. एक अक्षर जरी बदलले तरी हे मूल्य बदलते, त्यामुळे फोटोत फेरफार नाही हे सांगायला तेच आधार देते.

चित्रीकरण करताना कॅमेरा सावकाश फिरवा. आवाजही मुद्रित होत असतो. 'यानेच केलं असणार' असे मागून कोणी बोलले तर ते वाक्य थेट न्यायालयात ऐकू येते. तारीख, वेळ, ठिकाण, हजर लोक आणि समोर दिसते ते, एवढेच बोला.

६. कच्चा नकाशा

फोटो असताना नकाशा कशाला, असे बरेच जण विचारतात. फोटोत अंतर दिसत नाही. सुरी मयताच्या हाताच्या टप्प्यात होती की नव्हती, हे नकाशातले मोजमाप सांगते. गंभीर गुन्ह्यात पुढे तहसीलदारांना पत्र देऊन मंडळ अधिकाऱ्यांकडून नकाशा करून घेतला जातो, पण ते येतात तेव्हा खोली धुऊन झालेली असते. जागेवर असताना आखलेला नकाशा फक्त तुमच्याकडेच असतो.

आलेखाच्या वहीवर उत्तर दिशेचा बाण काढा. फोनमधले होकायंत्र लोखंडी दार, कपाट, गाडी यांच्याजवळ चुकते, म्हणून अंगणात मोकळ्या जागी उभे राहून पाहा आणि सूर्य कुठे आहे याच्याशी ताळा घ्या. मग भिंती मोजा. आपली आतली खोली ३.६० मीटर लांब आणि ३.०० मीटर रुंद निघाली. आता दोन्ही कर्ण मोजा. खोली काटकोनी असेल तर दोन्ही ४.६९ मीटर येतील. जुन्या मातीच्या घरात ते क्वचितच सारखे येतात. फरक पडला तर खोली तिरकी आहे, तसा तिरकेपणा नकाशात दाखवा.

आता वस्तूंच्या जागा. सगळ्यात भरवशाची पद्धत दोन पक्क्या बिंदूंची आहे. जागचे हलणार नाहीत असे दोन बिंदू निवडा. खाट, टेबल, दाराचे पान असले नकोत, भिंतीचे कोपरे घ्या. नैऋत्य कोपरा म्हणजे 'अ' आणि त्याच दक्षिण भिंतीचा आग्नेय कोपरा म्हणजे 'ब'. त्यांच्यातले अंतर ३.६० मीटर. आता सुरीची मूठ 'अ' पासून १.५० आणि 'ब' पासून २.५६ मीटर. सुरीचे टोक 'अ' पासून १.७८ आणि 'ब' पासून २.४० मीटर. ही चार मापे हातात असली की वर्षांनंतरही कोणीही त्या खोलीत दोन टेप धरून सुरी नेमकी त्याच जागी, त्याच दिशेला ठेवून दाखवू शकतो. फक्त एका बिंदूचे माप घेतले तर सुरी कुठे होती ते कळते, पण टोक कोणीकडे होते हे कळत नाही. म्हणून लांबट वस्तूची दोन टोके मोजायची. मयताचे डोके, दोन्ही हात, दोन्ही पाय असे पाच बिंदू घ्या.

टेप एकाने धरायचा, दुसऱ्याने वाचायचा, लिहिणाऱ्याने मोठ्याने परत वाचून दाखवायचे. वस्तूंना नकाशात जे आकडे दिले तेच फोटोतल्या कार्डावर आणि पंचनाम्यात हवेत. सुरी नकाशात ३ आणि पंचनाम्यात ५ असेल तर न्यायालयात दोन सुऱ्या होतात.

कच्चा नकाशा मापाबरहुकूम काढण्याचा हट्ट धरू नका. वर 'प्रमाणात नाही' असे लिहा आणि मापे आकड्यांत द्या. ठाण्यात बसून पक्का नकाशा कराल तेव्हा १ सेंटीमीटरला ५० सेंटीमीटर हे प्रमाण छोट्या खोलीला पुरते. आपली खोली ७.२ बाय ६ सेंटीमीटरमध्ये बसते. पक्का झाला म्हणून कच्चा फाडू नका. त्यावर चिखलाचा डाग असला तरी तोच मूळ आहे. चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता एका रेघेने छेदा आणि शेजारी आद्याक्षरी करा.

एक सापळा कायद्याचा आहे आणि त्यात अनुभवी लोकही अडकतात. नकाशात फक्त तुम्ही स्वतः पाहिलेले आणि मोजलेले दाखवा. 'इथे आरोपी उभा होता', 'इथून पळाला' हे तुम्ही पाहिलेले नाही, साक्षीदाराने सांगितले आहे. तोरी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साक्षीदारांच्या सांगण्यावरून नकाशात केलेल्या खुणा म्हणजे पोलिसांपुढे केलेली निवेदनेच आहेत आणि ती त्या स्वरूपात पुरावा म्हणून वाचता येत नाहीत. तेव्हा हा नियम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ मध्ये होता, आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये आहे. म्हणून नकाशात 'बिंदू ७ : जमिनीवर रक्ताचे थेंब, मागच्या दाराच्या चौकटीपासून ०.४० मीटर' असे लिहा. तिथे कोण उभे होते ते साक्षीदार स्वतः सांगेल.

७. पंच आणि हलवण्याचा क्रम

पंच त्याच परिसरातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असावेत. ठाण्याभोवती नेहमी सापडणारे दोघे नकोत, तेच पंच पाच गुन्ह्यांत निघाले की त्यांच्या सहीची किंमत राहत नाही. त्यांना वाटेवरून आत न्या, प्रत्येक क्रमांक दाखवा आणि पंचनामा जागेवरच लिहा. नकाशावरही त्यांची सही घ्या. पंचनामा सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ चित्रीकरणाशी आणि नोंदवहीशी जुळली पाहिजे. आठ वाजता सुरू झालेल्या पंचनाम्यातला पंच नोंदवहीत साडेआठला आत गेलेला दिसला तर बाकी सगळे खरे असूनही खटल्याला तडा जातो.

त्यानंतरच हलवायला सुरुवात करायची. आधी नाजूक आणि सहज नष्ट होणारे घ्या, म्हणजे केस, धागे, ओले डाग, बोटांचे ठसे असलेल्या वस्तू. आपल्या घरात चहाचे दोन कप ठसे तज्ज्ञ येईपर्यंत तसेच राहू द्या. दुसरा कप कोण प्यायला, हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. उचलावाच लागला तर हातमोजा घालून, जिथे कोणी सहसा धरत नाही अशा जागी धरून उचला. ओठ लागतात ती कड आणि कान सोडून द्या. आतला उरलेला चहा ओतून टाकू नका. रक्ताळलेली वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल राहून ती कुजते आणि त्यातला डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला.

मयताला हलवण्याआधी मरणोत्तर पंचनाम्यासाठी हातांचे, नखांचे, कपड्यांच्या घड्यांचे फोटो झाले आहेत ना ते पाहा आणि दोन्ही हातांवर कागदी पिशव्या बांधा. उचलल्याबरोबर खालच्या जमिनीचा फोटो घ्या, पट्टीशिवाय आणि पट्टीसह. अंगाखालची फरशी कोरडी आणि भोवती रक्त असेल तर तो पडल्यानंतर रक्त वाहिले असा अर्थ लागू शकतो. अंगाखालीच थेंब उडालेले असतील तर वार तो पडण्याआधी झाले असावेत. हा अर्थ तुम्ही लावायचा नाही, तो तज्ज्ञ लावतील. पण त्यांच्यापुढे तो फोटो नसेल तर त्यांना काहीच सांगता येणार नाही.

सीमा उठवण्याआधी तपासी अंमलदारांची लेखी परवानगी घ्या. तोपर्यंत एक माणूस रात्रभर तिथे ठेवावा लागला तरी ठेवा. घर एकदा कुटुंबाच्या ताब्यात गेले की नंतर सापडलेल्या वस्तूबद्दल 'ती आधीच तिथे होती' हे सिद्ध करणे फार अवघड होते. चावी देताना पावती घ्या, वेळ लिहा आणि स्टेशन डायरीत शेवटची नोंद करा.